रजेचा अर्ज लिहिण्याआधी

इंझोरीसारख्या गावातून अमरावतीला पीएच.डी. करणाऱ्या आणि आजारपणामुळे घरी यावे लागलेल्या मुलामुलींना, तसेच त्यांच्या आईवडिलांना, एक विनंती आहे. "प्रकृती ठीक नाही, एक सत्र रजा मिळावी व शिष्यवृत्ती चालू ठेवावी" एवढ्या एका ओळीचा अर्ज देऊ नका. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच दिसते की काम न करता पैसे मागितले आहेत. तुम्हाला म्हणायचे असते वेगळेच: पैसे काही महिने थांबले तरी चालतील, पण अधिछात्रवृत्ती रद्द होऊ नये. हे अर्जात स्पष्ट शब्दांत यायला हवे.

समजा, इंझोरीच्या एका मुलीला फुफ्फुसाचा क्षयरोग झाला. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयाचा उपचारही साधारण सहा महिने चालतो, म्हणजे जवळपास एक सत्र. तिची नोंदणी १ जानेवारी २०२४ ची, जेआरएफही त्याच दिवसापासून. दोन वर्षे संपून १ जानेवारी २०२६ पासून ती एसआरएफ झाली आणि महिना ४२,००० रुपये मिळू लागले. तिला १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२६ अशी रजा हवी आहे.

इथे दोन मुदती एकाच वेळी चालू असतात. युजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर जादा सवलत आहे. फेलोशिपची मुदत मात्र पाचच वर्षांची, म्हणजे तिची ३१ डिसेंबर २०२८ ला संपते. रजेचे सहाही महिने बिनवेतन गेले आणि या पाच वर्षांतच मोजले गेले तर २,५२,००० रुपये कायमचे जातात. मुदत पुढे सरकली तर ते फक्त उशिरा मिळतात. म्हणून "हा काळ कोणत्या मुदतीत धरला जाईल, ते लेखी कळवावे" हे वाक्य अर्जात असलेच पाहिजे. तोंडी आश्वासनावर राहू नका, कारण पुढच्या वर्षी टेबलावर दुसराच माणूस असतो.

अर्जही दोन लागतात. पहिला मार्गदर्शक आणि संशोधन केंद्रामार्फत विद्यापीठाला, दुसरा संस्थेच्या शिफारशीसह पैसे देणाऱ्याला. युजीसी, बार्टी, सारथी, महाज्योती, ज्याची फेलोशिप असेल त्याचे रजेचे नियम काढून वाचा. एकाचा नियम दुसऱ्याला लागू होत नाही. युजीसीच्या फेलोला सुट्ट्यांखेरीज वर्षाला ३० दिवसांपर्यंत रजा संस्थेच्या मंजुरीने घेता येते. ती शिल्लक असेल तर आधी तीच मागा आणि उरलेल्या काळासाठी बिनवेतन रजा.

अर्जाचा मुख्य भाग असा लिहिता येईल:

"वैद्यकीय कारणास्तव मला दि. १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२६ या काळात संशोधनकार्य करणे शक्य नाही. प्रमाणपत्र सोबत बंद लिफाफ्यात जोडले आहे. देय रजा संपल्यानंतरच्या काळाची अधिछात्रवृत्ती देऊ नये, परंतु ती रद्द न करता मी रुजू झाल्यापासून पुन्हा सुरू करावी. हा काळ कोणत्या मुदतीत धरला जाईल, ते लेखी कळवावे. या सत्रातील संशोधन सल्लागार समितीपुढचे सादरीकरण पुढील सत्रात घेण्यास परवानगी द्यावी."

सादरीकरणाचे वाक्य गाळू नका. ते दर सत्राला करायचे असते आणि न कळवता चुकले तर नोंदीत गैरहजेरी दिसते. आजाराचे नाव अर्जात लिहिण्याचीही गरज नसते, कारण अर्ज चार टेबलांवरून फिरतो. प्रमाणपत्रात मात्र डॉक्टरांकडून "विश्रांती आवश्यक" एवढेच घेऊ नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि संशोधनाचे काम का जमणार नाही, हे त्यात हवे. अर्जातल्या आणि प्रमाणपत्रातल्या तारखा जुळल्या नाहीत की कागद परत येतो. अर्ज आवक विभागात देऊन क्रमांकासह पोच घ्या.

सगळ्यात मोठा धोका माणसांच्या चांगुलपणातून येतो. युजीसीची रक्कम संस्थेने दर महिन्याला पोर्टलवर दुजोरा दिल्यावर जमा होते. एखादे सहृदय सर म्हणतील, "तू घरी जा, इकडे आम्ही हजर दाखवतो." घरात औषधपाण्याचा खर्च असतो, मोह होतो, आणि तो मी समजू शकतो. पण रजेचे कागद आणि दुजोरा जुळले नाहीत तर पैसे परत मागितले जातात आणि खोट्या हजेरीचा ठपका संशोधकावरच येतो. अर्ज देताना दुजोरा देणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याची प्रत द्या.

बरे झाल्यावर डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेऊन रजा संपल्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी रुजू झाल्याचा अर्ज दोन्हीकडे द्या. तो पोचेपर्यंत कार्यालयाच्या लेखी तुम्ही रजेवरच असता आणि पैसेही सुरू होत नाहीत.