तुरीचा भाव आणि डाळीचा भाव

तुरीचा भाव पडला की शेतकरी हवालदिल होतो, डाळ महागली की गृहिणी. दोघांचेही बोट मात्र मधल्या दलालाकडेच वळते. ते योग्य जागी वळते काय, हे एका क्विंटलाचा हिशेब मांडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजाची तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते आणि खामगावच्या बाजारात जाते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला. तोच शेतकऱ्यास मिळाला आणि शहरात डाळ १३० रुपये किलोने विकली गेली, असे समजू. मग किलोमागे ५० रुपये कोणी गिळले, असा प्रश्न वाचक करतील. पण तूर म्हणजे डाळ नव्हे. तुरीचे टरफल दाण्यास डिंकासारखे चिकटलेले असते. ते सोडविण्यासाठी गिरणीत दाणा खरवडून, तेल चोळून, काही दिवस वाळवावा लागतो. एवढे करूनही क्विंटलामागे डाळ साधारणतः ७० ते ७५ किलोच पडते. ७२ किलो धरली, तर डाळीच्या किलोमागे नुसत्या तुरीचीच किंमत १११ रुपये होते. उरलेल्या १९ रुपयांत आणि चुणी-टरफलाच्या विक्रीत हमाली, वाहतूक, बाजार शुल्क, दळणावळ आणि घाऊक-किरकोळ दुकानदारांचा नफा, हे सारे भागवायचे असते.

मग शेतकरी नाडला जातो तो कोठे? आमच्या मते, विक्रीच्या दिवशी. पेरणीस उचल देणाऱ्या अडत्याकडेच त्याची तूर बांधली जाते. शासकीय खरेदीस १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. पण खासगी व्यवहारात दाणा दाताखाली चावून माल ओला ठरविला आणि क्विंटलास दोन किलो कापले, तर १६० रुपये तेथेच गेले.

उलट, कृषी पणन मंडळाच्या तारण योजनेत तूर गोदामात ठेवून तिच्या किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे ६,००० रुपये, सहा टक्के व्याजाने मिळू शकतात. सहा महिन्यांचे व्याज होते अवघे १८० रुपये. उचलीतून सुटून थांबण्याची किंमत ही एवढी! अर्थात थांबणे हा जुगारही आहे. २०१५ मध्ये डाळ किलोस २०० रुपयांच्या घरात गेली. त्या भरवशावर पेरा वाढला आणि २०१६-१७ च्या विक्रमी पिकाने तूर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली आली.

म्हणून दलालास शिव्याशाप देण्यापेक्षा दोन गोष्टींचा आग्रह धरावा: प्रत्येक वजनकाट्याजवळ ओलावा मोजण्याचे यंत्र, आणि पीक येण्यापूर्वीच तारणाची सोय. यांनी गृहिणीची डाळ स्वस्त होणार नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. शेतकऱ्याच्या पदरी मात्र त्याचे हक्काचे दोन पैसे पडतील.