आई-बाबांना चार ओळी

माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरास असतो. आई-वडिलांच्या विवाहास ३५ वर्षे पूर्ण होत असल्याने त्यांना धाडावयाच्या संदेशाचा मसुदा त्याने गेल्या आठवड्यात माझ्याकडे पाठविला आणि ‘काका, शुद्धलेखन तेवढे पाहा, आणि जमल्यास थोडा जिव्हाळाही येऊ द्या,’ अशी विनंती केली. मजकूर असा होता : ‘आदरणीय आई-बाबा, आपल्याला लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण माझी नेहमी मदत केली. तुम्ही माझ्या शिक्षणाची फी भरली. तुमच्या आशिर्वादामुळे मी आज इथपर्यंत पोहोचलो.’

‘आशिर्वाद’ हा दोष किरकोळ. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दांतले, अंत्य अक्षर सोडल्यास, ऱ्हस्व-दीर्घ मूळ संस्कृताप्रमाणे राखावयाचे असल्यामुळे ‘आशीर्वाद’ एवढी दुरुस्ती पुरली. ‘माझी मदत केली’ ही हिंदीची सावली. मराठीत मदत ‘मला’ होते. परंतु ज्या मुलाने आयुष्यात कधी आईला ‘तू’वाचून हाक मारली नाही आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणताना ज्याला कधी विचार करावा लागला नाही, त्याने लेखणी हाती धरताच दोघांनाही ‘आपण’ म्हणून दूर बसवावे, आणि पुढच्याच वाक्यात ते ‘आपण’ विसरून ‘तुम्ही’वर यावे, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. ही अडचण वास्तविक मराठीनेच सोडवून ठेवली आहे : ‘तुम्ही’ हे जसे आदरार्थी तसेच ‘तू’चे अनेकवचनही असल्यामुळे दोघांना मिळून बोलताना ते आईलाही परके वाटत नाही, आणि एकेकाकडे वळायचे झाले, तर ‘आई, तू’ आणि ‘बाबा, तुम्ही’ अशी वाक्येच वेगळी करावीत.

दुसरी गोष्ट क्रियापदाच्या शेपटाची. ‘तुम्ही फी भरली’ असे आता सर्रास लिहिले जाते, आणि ते सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणणार नाही. तथापि ‘भरली’ हे रूप केवळ फीशी जुळते, तर ‘भरलीत’ यातला अखेरचा ‘त’ समोर बसलेल्या माणसाची दखल घेतो. ‘तू चहा घेतला नाहीस’ यातल्या ‘स’चेही कार्य तेच. आई-वडिलांशी बोलताना ही अक्षरे गाळली, की वाक्य त्यांच्याविषयी होते; त्यांच्याशी राहत नाही.

शुभेच्छांविषयीही मी त्याला एक सुचविले. जुन्या पत्रांत मुलगा ‘तीर्थरूप’ असा मायना घालून साष्टांग नमस्कार लिही आणि आशीर्वादाची इच्छा धरी. वडिलांना शुभ चिंतण्याचा अधिकार आपला नव्हे, अशी त्यामागे धारणा होती. आज शुभेच्छा देण्यात काही गैर नाही, पण नमस्काराने आरंभ केला की ‘हार्दिक’सारखी विशेषणे आपोआप अनावश्यक होतात.

राहिला जिव्हाळा. शुभेच्छा सोडल्या, तर मसुद्यातले प्रत्येक वाक्य मुलाविषयी होते, आणि दिवस तर त्या दोघांच्या सहजीवनाचा! म्हणून मी त्याला दूरध्वनीवर विचारले, ‘तुझ्यासाठी त्यांनी काय केले ते राहू दे, ते दोघे एकमेकांशी कसे वागताना तू पाहिलेस?’ तो बराच वेळ घुटमळला, आणि मग थांबेचना. त्याच्याच शब्दांना सांधून आम्ही हे लिहिले :

‘ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार. आज तुमच्या लग्नाला ३५ वर्षे झाली. बाबा, तुम्ही रात्रपाळी करून पहाटे यायचात. आई, तू त्यांच्याआधी कधी चहा घेतला नाहीस. तू भाकऱ्या थापायचीस तेव्हा बाबा ओट्याशी उभे राहून तुला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि मी पुस्तक उघडे ठेवून तुमचेच बोलणे ऐकायचो. माझी फी तुम्ही भरलीत, अडीअडचणीला मला मदत केलीत, ते मी विसरलेलो नाही. पण आज मला तो ओटा आठवतो. तुमची एकमेकांना अशीच सोबत राहो. तुमचा आशीर्वाद असू द्या.’

‘भाकऱ्या’च्या जागी ‘स्वयंपाक’ घालावा का, असे त्याने संकोचून विचारले. भाकऱ्या लिहिणे त्याला गावंढळ वाटत होते. मी ते साफ नाकारले. खाली त्याने आपले कागदोपत्री नाव घातले होते, ते मात्र त्याने स्वतःच खोडले आणि आई ज्या नावाने हाक मारते ते घरातले नाव लिहिले.