एकच ‘उप’, तीन अधिकारी

बेळगाव शहरात ‘डेप्युटी कमिशनर’ या इंग्रजी नावाचे अधिकारी एकापेक्षा अधिक कचेऱ्यांत बसतात. एक संपूर्ण जिल्ह्याचा प्रमुख असतो, दुसरे पोलीस आयुक्तालयात आयुक्तांच्या हाताखाली काम करतात आणि तिसरे महापालिकेत प्रशासन किंवा महसुलाचा भार सांभाळतात. इंग्रजी बातमीचे मराठीकरण करणाऱ्याने कोशातला पहिला प्रतिशब्द उचलला, तर हे सगळेच ‘उपायुक्त’ होतात, आणि मग ‘बेळगावच्या उपायुक्तांनी जमावबंदी लागू केली’ असे वाक्य पुण्या-मुंबईच्या वाचकासमोर येते. महाराष्ट्रात उपायुक्त म्हणजे आयुक्ताखालचा अधिकारी, त्यामुळे या वाचकाला हा आदेश कोणा दुय्यम अधिकाऱ्याने काढला असे वाटते. प्रत्यक्षात तो जिल्ह्यातील सर्वोच्च महसुली व दंडाधिकारी सत्तेकडून आलेला असतो.

या नावामागे इतिहास आहे. 1831 ते 1881 या काळात म्हैसूर संस्थानाचा कारभार ब्रिटिश कमिशनरांकडे होता आणि जिल्ह्याचा प्रमुख हा त्या कमिशनरचा ‘डेप्युटी’ मानला जात असे. मुंबई इलाख्यात त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याला ‘कलेक्टर’ म्हणत. बेळगाव जिल्हा 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा पदाचे काम फारसे बदलले नाही, पण इंग्रजी नाव बदलले. कन्नडमध्ये या अधिकाऱ्याला ‘जिल्हाधिकारी’च म्हणतात आणि सीमाभागातील मराठी वृत्तपत्रेही तेच लिहितात. तेव्हा या पदापुरते ‘डेप्युटी’चे शब्दशः भाषांतर सोडून ‘जिल्हाधिकारी’ लिहिणे हेच शुद्ध भाषांतर ठरते, आणि त्याच बातमीत पुढे पोलीस खात्यातला डेप्युटी कमिशनर आला तर त्याला ‘पोलीस उपायुक्त’ म्हणणे हे त्याच्याशी विसंगत मुळीच नाही.

पदनामांच्या बाबतीत ‘एकरूपता’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो, असे म्हणण्यास म्हणूनच आधार आहे. एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द, ही एकरूपता परिभाषेच्या कोशात शोभते. पदनामात मात्र एका पदाला सर्वत्र एकच नाव हवे, मग त्यातला इंग्रजी घटक अन्यत्र कसाही भाषांतरित होत असो. पदनाम हे वाक्यांशासारखे दिसते, पण वागते विशेषनामासारखे.

पोलीस दलातील श्रेणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आयुक्तालयात ‘पोलीस उपायुक्त’ वरचा आणि ‘सहायक पोलीस आयुक्त’ त्याच्या खालचा. पोलीस ठाण्यात मात्र क्रम उलटतो, कारण तेथे ‘सहायक पोलीस निरीक्षक’ वरचा आणि ‘पोलीस उपनिरीक्षक’ खालचा असतो. याचे कारण असे की आयुक्ताच्या नावातले ‘उप’ हे ‘डेप्युटी’साठी आलेले आहे आणि निरीक्षकाच्या नावातले ‘सब’साठी. त्याखेरीज उपराष्ट्रपती, उपाध्यक्ष अशा नावांत हाच उपसर्ग ‘व्हाइस’चे काम करतो, म्हणजे एका मराठी उपसर्गावर तीन इंग्रजी शब्दांचा भार आहे. जो अनुवादक ‘उप’ म्हणजे नेहमी दुसऱ्या क्रमांकाचा अशा समजुतीने चालतो, तो मराठी पदनाम परत इंग्रजीत नेताना उपनिरीक्षकाला ‘डेप्युटी इन्स्पेक्टर’ करून ठेवतो आणि असे पदच महाराष्ट्र पोलिसांत नाही. पदनाम बरोबर उतरले की नाही हे ताडण्याची सोपी रीत यातूनच मिळते: मराठी नाव उलट इंग्रजीत नेले असता मूळच्या एकाच पदावर परत येता आले पाहिजे.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने, म्हणजे राज्यकारभारातील मराठीची परिभाषा ठरवणाऱ्या कार्यालयाने, पदनाम कोश तयार केला तो अशाच गरजेतून. तरीही कोश हाताशी असून प्रश्न संपत नाही, याचे उदाहरण ‘अॅडिशनल’ या शब्दाचे. मंत्रालयात ‘अपर मुख्य सचिव’, जिल्ह्यात ‘अपर जिल्हाधिकारी’, पोलीस दलात ‘अपर पोलीस महासंचालक’, पण महानगरपालिकेत ‘अतिरिक्त आयुक्त’ आणि जिल्हा परिषदेत ‘अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी’ अशी नावे रूढ आहेत. एखाद्या दैनिकाने एकरूपतेच्या हौसेपायी सर्वांना ‘अतिरिक्त’ केले, तर शासन निर्णयातले नाव आणि बातमीतले नाव जुळणार नाही, आणि सर्वांना ‘अपर’ केले तर महापालिकेच्या दारावरची पाटी खोटी ठरेल. ज्या कार्यालयाचे स्वतःचे मराठी नाव अस्तित्वात आहे, तेथे तेच घ्यावे; अनुवादकाचे कौशल्य तेथे नकोच असते. (‘अपर’ हा शब्द इंग्रजी ‘अपर’शी ध्वनिसाम्य राखून असल्याने काही वाचक त्याचा अर्थ ‘वरचा’ असा घेतात, हा तोटा मान्य आहे.)

विभागांच्या नावांत सर्वाधिक घोळ ‘विभाग’ याच शब्दाने घातला आहे. शासनाचे ‘डिपार्टमेंट’ म्हणजे विभाग. विभागीय आयुक्त ज्या पाच-सात जिल्ह्यांवर असतो ते ‘डिव्हिजन’ म्हणजेही विभाग. आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या मूळ नावात ‘ब्यूरो’ आहे. सार्वजनिक बांधकामाची उतरंड पाहिली तर अडचण नेमकी कळते. मंत्रालयात ‘सार्वजनिक बांधकाम विभाग’ हा शासनाचा एक प्रशासकीय विभाग. त्याच्या क्षेत्रीय रचनेत अधीक्षक अभियंत्याच्या कार्यक्षेत्राला ‘मंडळ’ म्हणतात, मंडळाखाली कार्यकारी अभियंत्याचे कार्यक्षेत्र असते त्याला पुन्हा ‘विभाग’ म्हणतात, आणि त्याखाली ‘उपविभाग’ येतो. म्हणून ‘कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग’ अशी सही असलेल्या निविदेत ‘विभाग’ हा शब्द एका क्षेत्रीय कार्यालयापुरता असतो. इंग्रजी करताना तेथे ‘डिपार्टमेंट’ लिहिले, तर चार-सहा तालुक्यांवरचा अधिकारी संपूर्ण राज्याच्या खात्याच्या वतीने बोलतो असा अर्थ होतो. ओळखण्याची खूण एवढीच की नावापुढे गावाचे नाव असेल, किंवा वर ‘मंडळ’ आणि खाली ‘उपविभाग’ असेल, तर तो विभाग म्हणजे ‘डिव्हिजन’. ‘मंडळ’ हा शब्दही निर्दोष नाही, कारण शिक्षण मंडळात तो ‘बोर्ड’ होतो आणि मंडळ अधिकाऱ्यात ‘सर्कल’.

या गोंधळावर जुन्या मराठीत उत्तर होते. ‘खाते’ हा शब्द ‘डिपार्टमेंट’साठी राखून ठेवला असता तर ‘विभाग’ क्षेत्रीय अर्थासाठी मोकळा राहिला असता. गोव्यात तसे घडले आहे. तेथे सार्वजनिक बांधकाम खात्याला वृत्तपत्रे सर्रास ‘साबांखा’ म्हणतात, आणि हे संक्षिप्त रूप इतके मुरले आहे की त्याचा उलगडा करण्याची कोणाला गरज वाटत नाही. महाराष्ट्रात ‘खातेवाटप’, ‘खातेप्रमुख’, ‘खातेनिहाय चौकशी’ असे शब्द टिकले, पण खात्याचे नाव मात्र विभाग झाले. हा बदल आता मागे फिरवता येणार नाही. निदान बातमीच्या गद्यात, जेथे दोन्ही अर्थांचे विभाग एकाच परिच्छेदात येतात तेथे, शासनाच्या विभागाला ‘खाते’ म्हणण्याची मुभा लेखकाने घ्यायला हरकत नाही.

भाषांतर करताना शब्दाऐवजी ठसा भाषांतरित होतो, असाही एक प्रकार आहे. ‘एन्फोर्समेंट डायरेक्टोरेट’ला मराठी वृत्तपत्रांनी ‘सक्तवसुली संचालनालय’ असे नाव दिले आणि ते वाचकांच्या तोंडी बसले. ही यंत्रणा विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, 1999 आणि काळा पैसा वैध करण्याच्या व्यवहारांविरुद्धचा 2002 चा कायदा यांची अंमलबजावणी करते. ती तपास करते, मालमत्तेवर तात्पुरती टाच आणते आणि खटला भरते. थकीत रक्कम सक्तीने वसूल करणे, ज्याला महसुली भाषेत सक्तवसुली म्हणतात, हे तहसीलदाराचे किंवा कर्जवसुली अधिकाऱ्याचे काम. नावाच्या पहिल्याच शब्दाने वाचकाला चुकीच्या कचेरीत नेऊन बसवले आहे. ‘अंमलबजावणी संचालनालय’ हे नाव मुळाशी प्रामाणिक आहे आणि काही ठिकाणी वापरातही आहे, पण ‘कशाची अंमलबजावणी’ हे त्यातून कळत नाही. अशा वेळी पहिल्या उल्लेखात ते नाव देऊन पुढे ‘ईडी’ हा लिप्यंतरित संक्षेप वापरणे अधिक सुरक्षित, कारण संक्षेप निदान खोटे काही सांगत नाही.

कोणते नाव मुळातच हलवू नये, याचा निर्णय मराठीने पूर्वीही घेतलेला आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव अशी संस्कृत नावे मिळाली. तरी पुढच्या शतकात राज्य गाजले ते पेशव्यांचे. ‘पंतप्रधान’ हा शब्द आज केंद्राच्या सर्वोच्च कार्यकारी पदासाठी स्थिरावला आहे, तर हिंदीत त्याच पदाला ‘प्रधानमंत्री’ म्हणतात. त्यामुळे मराठीत व्यक्तीचा उल्लेख ‘पंतप्रधान’ असा होईल, पण योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री आवास योजना’ असेच राहील. ते बदलून ‘पंतप्रधान आवास योजना’ करणाऱ्याला भाषाशुद्धीचे समाधान मिळत असेल, मात्र ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि अर्जावर जे नाव छापलेले असते त्याच नावाने लाभार्थी विचारणा करतो. हाच न्याय ‘तहसीलदार’, ‘तलाठी’, ‘हवालदार’ यांना लागू पडतो आणि गोव्यातल्या ‘मामलेदारा’लाही. त्याचे काम तहसीलदारासारखे आहे म्हणून त्याला तहसीलदार म्हणणे म्हणजे पणजीच्या कचेरीवर सोलापूरची पाटी लावण्यासारखे आहे. मध्य प्रदेशातल्या पटवाऱ्यालाही तलाठी करू नये. पहिल्या उल्लेखात ‘तेथील तलाठी’ असा खुलासा जोडला की पुरे. बेळगावच्या अधिकाऱ्याचे प्रकरण निराळे अशासाठी की तेथे मूळ नाव ठेवल्याने वाचकाची दिशाभूल होते, येथे होत नाही. परदेशातील पदांनाही हीच कसोटी लावता येते. ब्रिटनच्या ‘होम सेक्रेटरी’ला ‘गृह सचिव’ म्हटले तर मराठी वाचकाला सनदी अधिकारी दिसतो, म्हणून तेथे ‘गृहमंत्री’च लिहिले पाहिजे.

राहतो प्रश्न बदललेल्या नावांचा. 2024 मध्ये राज्यात ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्याचा निर्णय झाला. त्याआधीच्या एखाद्या गैरव्यवहाराच्या बातमीत आरोपीला ग्रामपंचायत अधिकारी म्हटले तर त्या दिवशी नसलेले पद त्याला बहाल केल्यासारखे होते, आणि आजच्या नियुक्तीची बातमी ग्रामसेवक म्हणून दिली तर ती शासन निर्णयाशी जुळत नाही. म्हणून संपादन कक्षातल्या पदनामांच्या यादीत मराठी नाव, इंग्रजी नाव आणि त्या नावाचा वापर करणारे कार्यालय यांच्याबरोबर चौथा रकाना तारखेचा असावा, आणि जुने नाव खोडून न टाकता त्यापुढे ते कोणत्या दिवसापर्यंत चालले एवढे लिहावे.