पार्किंगचा कॉलम आणि बेडरूमची खिडकी

स्टिल्टवर सात मजले असलेल्या निवासी इमारतीत कॉलमची जागा दोनदा ठरते. आधी आर्किटेक्ट वरच्या मजल्याचा प्लॅन करून मंजुरीला पाठवतो. मग आरसीसी कन्सल्टंट पार्किंग सांभाळत सेंटर लाइन काढायला बसतो. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात, पण ते एकमेकांवर ठेवून पाहिलेले नसतात. साइटवर पहिल्या स्लॅबची सळी बांधून झाल्यावर बेडरूमच्या खिडकीत कॉलम उभा दिसतो, तेव्हा हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खिडकी.

पुण्या-नाशिककडे सर्रास दिसणारा प्लॅन घेऊन हा हिशेब मांडता येतो. रस्त्याच्या बाजूला एका ओळीत चार फ्लॅट आहेत. प्रत्येक फ्लॅटच्या दर्शनी बाजूला ३.२ मीटर रुंदीचा हॉल आणि ३ मीटर रुंदीची बेडरूम. भिंती १५० मिलिमीटरच्या. एका सामाईक भिंतीच्या मध्यापासून दुसऱ्या सामाईक भिंतीच्या मध्यापर्यंत फ्लॅटची रुंदी ६.५ मीटर भरते, म्हणजे चार फ्लॅटची लांबी २६ मीटर. खाली गाडी उभी करायला २.५ बाय ५ मीटरची जागा धरलेली आहे.

पार्किंगपासून सुरुवात केली, तर दोन गाड्यांना ५ मीटर आणि कॉलमला ३५० मिलिमीटर असा ५.३५ मीटरचा गाळा पडतो. कागदावर तो नीटनेटका दिसतो. वर मात्र पहिल्याच फ्लॅटमध्ये दुसरा कॉलम बेडरूमच्या दर्शनी भिंतीत, हॉलकडच्या भिंतीपासून पावणेदोन मीटरवर सुरू होतो. भिंतीच्या मध्यावर दीड मीटरची खिडकी असेल तर कॉलम थेट तिच्यातच येतो. शेजारचा फ्लॅट आरशातल्यासारखा उलटा असतो, त्यामुळे तिथे पुढचा कॉलम हॉलच्या दर्शनी भिंतीत निघतो. एवढे करून मिळते काय? २६ मीटरमध्ये असे चार पूर्ण गाळे बसतात, म्हणजे आठ गाड्या, आणि उरलेल्या तुकड्यात आणखी एक.

आता कॉलम सामाईक भिंतींवर, म्हणजे ६.५ मीटरवर घ्यावेत. कॉलममधले मोकळे अंतर ६.१५ मीटर मिळते. दोन गाड्या उभ्या राहून १.१५ मीटरची पट्टी उरते आणि ती दुचाकींना पुरते. चार गाळ्यांत आठ गाड्या. एका गाडीच्या बदल्यात चारही फ्लॅटच्या दर्शनी खोल्या मोकळ्या राहतात आणि मजल्यामागून मजला तशाच राहतात. हा सौदा बिल्डरसमोर आकड्यांनिशी मांडला तर तो बहुधा मान्य होतो. अडचण अशी की तो मांडलाच जात नाही.

कॉलमच्या मापाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पूर्वी नऊ इंची भिंतीत २३० मिलिमीटरचा कॉलम गडप व्हायचा आणि ती सवय अजून अनेकांच्या हातात आहे. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर, किंवा त्या जोडावर येणाऱ्या बीममधल्या सर्वांत जाड सळीच्या व्यासाच्या २० पट, यांतले जे जास्त असेल ते हवे. बीममध्ये १६ मिलिमीटरची सळी आली की ३२० झाले, २० ची आली की ४००. शिवाय लहान बाजूचे मोठ्या बाजूशी प्रमाण ०.४५ च्या खाली जाऊ नये. म्हणून ३०० बाय ७५० चा कॉलम बसत नाही, ३५० बाय ७५० चा बसतो.

याचा अर्थ असा की गाळा वाढला की बीमची सळी जाड होते, सळी जाड झाली की कॉलम रुंद होतो आणि रुंद झालेला कॉलम पुन्हा गाळ्यातली जागा खातो. समजा बिल्डरला तीन लहान गाड्या हव्या आहेत, प्रत्येकी २.३ मीटर रुंदीच्या. मोकळे अंतर ६.९ मीटर लागते, म्हणून ३५० चा कॉलम धरून ७.२५ मीटरचा गाळा आखला. त्या गाळ्याच्या बीमला २० ची सळी लागली, कॉलम ४०० चा झाला आणि तिसरी गाडी ५० मिलिमीटरसाठी अडली. म्हणून ग्रिड आखण्याआधी बीमचे निदान ढोबळ डिझाइन हवे, सळीच्या व्यासासकट. साडेसहा मीटरच्या गाळ्यात बीमची उंची ६०० ठेवून १६ च्या सळीत भागते का, हे आधी पाहणे फायद्याचे.

भिंत १५० ची आणि कॉलम ३५० चा, म्हणजे २०० मिलिमीटर बाहेर येणारच. सामाईक भिंतीत तो मध्यावर घेतला तर दोन्ही फ्लॅटमध्ये १००-१०० येतो. तीन मीटरच्या बेडरूममध्ये १.८ मीटरचा पलंग मध्यभागी ठेवला की दोन्ही बाजूंना ६०० उरतात. पलंगाच्या बाजूला कॉलम आला तर तिथे ५०० राहतात. मागच्या कॉलमची ७५० ची बाजू भिंतीच्या दिशेने ठेवून तो कपाटामागे घेतला तर खोलीत जाणवतही नाही. फक्त ६०० खोलीच्या कपाटात तेवढ्या भागात ५०० उरतात, म्हणून तिथे हँगर नको, कप्पे हवेत. ही सूचना आर्किटेक्टने इंटिरिअरच्या ड्रॉइंगमध्ये लिहायला हवी. टॉयलेटचा कोपरा मात्र टाळावा. १.२ मीटर रुंदीच्या टॉयलेटमध्ये १०० मिलिमीटर गेले तरी दार आणि कमोड यांची गाठ पडते.

सगळे कॉलम सामाईक भिंतींच्या दिशेने लांब ठेवले की इमारत त्या दिशेला ताठ आणि दर्शनी बाजूच्या दिशेला लवचीक होते. तो तोल काही कॉलम फिरवून साधावा लागतो. पॅसेज आणि टॉयलेट यांच्यामधली, रस्त्याला समांतर भिंत त्यासाठी सोयीची, कारण तिथे बाहेर आलेला भाग कोणाच्या फर्निचरला नडत नाही. लिफ्टच्या काँक्रीट भिंतींचाही आधार मिळतो. पण लिफ्ट एका टोकाला असेल तर भूकंपात इमारत पिळवटते, म्हणून तिची जागासुद्धा याच बैठकीत ठरावी.

खाली गाडीला अडणारा कॉलम तोडून वरचा कॉलम बीमवर उभा करणे, म्हणजे फ्लोटिंग कॉलम, ही पळवाट अजूनही सुचवली जाते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही तिथे पडलेल्या इमारतींत मोकळ्या स्टिल्टवरच्या आणि फ्लोटिंग कॉलमवर पुढे काढलेल्या मजल्यांच्या इमारती ठळकपणे होत्या. मुख्य भूकंपरोधक चौकटीत असे कॉलम नकोत, असे आयएस १८९३ ने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. एका गाडीसाठी ही जोखीम घेणाऱ्या कन्सल्टंटने सही करू नये, हे या मासिकाचे ठाम मत आहे.

काम सुरू करण्याची रीत साधी आहे. स्टिल्ट आणि वरचा मजला एकाच ड्रॉइंगमध्ये एकावर एक ठेवावेत. जिथे कॉलम चालणारच नाही त्या सगळ्या जागा रंगवाव्यात: गाड्यांचा मार्ग आणि वळण, दारांची उघडझाप, खिडक्या, पलंग, ओटा, पाइपांच्या डक्ट, जमिनीखालची पाण्याची टाकी. न रंगलेले जे तुकडे उरतील, त्यांतूनच बीमच्या सरळ रेषा जाताना दिसतात का ते पाहावे. त्या रेषा जुळत नसतील तर फ्लॅटची रुंदी दहा-वीस सेंटिमीटरने कमी-जास्त करून पाहावी. मंजुरीआधी हा बदल अर्ध्या दिवसाचा असतो. मेकॅनिकल पार्किंग असेल तर यंत्र पुरवणाऱ्याचे ड्रॉइंगही याच वेळी मागवावे, कारण त्याला लागणारे खांबांमधले मोकळे अंतर आणि बीमखालची उंची प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती नंतर कमी करता येत नाही.