दोन पृष्ठांचे निवेदन

एखादे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीसाठी सुचवायचे झाले, तर शेकडो पृष्ठांचा प्रस्ताव सिद्ध करावा लागतो. त्याचा गाभा मात्र जेमतेम दोन पृष्ठांचा असतो. त्यास ‘असाधारण वैश्विक मूल्याचे निवेदन’ म्हणतात. संक्षिप्त परिचय, निकषांचे समर्थन, अखंडता, अस्सलता आणि संरक्षण-व्यवस्थापन असे त्याचे पाच ठरलेले भाग आहेत. श्रवणबेळगोळ आजमितीस या यादीत नाही. उद्या तसा प्रस्ताव झाला, तर हे निवेदन कसे लिहावे लागेल?

छापताना परिचय प्रथम येतो. लिहिताना आरंभ तुलनेपासून करावा. श्रद्धाळू मनात पहिले वाक्य उमटते ते ‘जगातील सर्वांत भव्य जिनमूर्ती’ हे. ते टिकत नाही. गोमटेश्वराची मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. बडवानीजवळची बावनगजा येथील आदिनाथांची मूर्ती ८४ फूट, तर आपल्या मांगी-तुंगी येथे २०१६ मध्ये प्रतिष्ठित झालेली ऋषभदेवांची मूर्ती १०८ फूट आहे. परीक्षक प्रथम असलेच दावे तपासतात आणि एक दावा खोटा ठरला की बाकीच्यांकडेही संशयाने पाहतात. म्हणून उंची सोडून कर्नाटकातील बाहुबलींच्या परंपरेशीच तुलना करावी. कारकळची मूर्ती १४३२ ची, वेणूरची १६०४ ची. श्रवणबेळगोळची त्यांच्या कित्येक शतके आधीची, इ.स. ९८१ च्या सुमारास गंग राजाचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने करविलेली. डोंगरमाथ्याच्याच पाषाणातून ती घडविली असून मांड्यांच्या वर तिला कोणताही आधार नाही. पुढील मूर्तींना जिचा आदर्श लाभला, ती ही. हे विधान उंचीच्या दाव्यापेक्षा नम्र आहे; पण खोडता येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक विधानामागे जागेवर दाखविता येईल अशी वस्तू उभी करणे. खतावणीतील नोंदीस जशी पावती, तशी मूल्यास ही वस्तू. ‘येथे त्यागाची परंपरा आहे’ हे केवळ वाक्य झाले. चंद्रगिरीवरील शिलालेखांची परंपरा इ.स. ६०० च्या सुमारास सुरू होते आणि त्यांपैकी अनेक लेख सल्लेखना घेतलेल्या मुनी-आर्यिकांची स्मृती जपतात. हा झाला पुरावा. (सल्लेखना म्हणजे काय, हे परदेशी परीक्षकास एका स्वच्छ वाक्यात सांगावे, अन्यथा तो तिला आत्महत्या समजेल.) गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाचे नाव सांगणारा मराठी लेखही आहे, त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असल्याने निवेदनात त्यास ‘आद्य’ म्हणू नये.

यानंतरच निकष निवडावेत. एकूण १० निकषांपैकी एक पुरला तरी चालते. अधिक घेतल्याने वजन वाढत नाही, सिद्ध करण्याचे ओझे मात्र वाढते. येथे पहिला निकष, म्हणजे मानवी प्रतिभेची श्रेष्ठ कृती, मूर्तीसाठी. आणि तिसरा, सांस्कृतिक परंपरेची असाधारण साक्ष, चंद्रगिरीच्या लेखांसाठी. सहावा निकष जिवंत परंपरांचा असून तो सहसा अन्य निकषांच्या जोडीने घ्यावा अशी अपेक्षा असते. वेरूळ १९८३ मध्ये याच तीन निकषांवर यादीत गेले.

भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य यांची कथा या सहाव्या निकषापाशी येते आणि समाजाचे मन तेथेच गुंतते. ‘चंद्रगुप्ताने येथे देह ठेवला’ असे सिद्ध इतिहास म्हणून लिहिल्यास आक्षेप निश्चित. परंतु ‘तशी परंपरा येथे जपली गेली असून चंद्रगुप्त बसदीच्या जाळीदार शिलापटांवर ती कथा कोरलेली आहे’ असे लिहिल्यास तेच वाक्य निर्विवाद होते. श्रद्धा उणी होत नाही. शब्दाची जबाबदारी तेवढी नेमकी होते.

अखंडता आणि अस्सलता यांत लिहिणाऱ्यांची गल्लत होते. मूल्य सांगणारे सर्व अवशेष सीमेच्या आत आणि शाबूत आहेत काय, हा अखंडतेचा प्रश्न. ते खरोखर तेच आहेत काय, हा अस्सलतेचा. दर १२ वर्षांनी होणारा महामस्तकाभिषेक अस्सलतेत मोडतो, कारण मूर्तीचा मूळ उपयोग अजून चालू आहे. त्यासाठी मूर्तीमागे उभारला जाणारा तात्पुरता मचाण मात्र संरक्षणाच्या भागात, तो पाषाणास अपाय न करता कसा उभारला व उतरविला जातो, या तपशिलासह नमूद करावा.

शेवटी सीमा. ती केवळ विंध्यगिरीभोवती आखली, तर चंद्रगिरीचे लेख बाहेर राहतात आणि तिसरा निकष आपोआप कोसळतो. दोन्ही टेकड्या आणि मधली कल्याणी पुष्करिणी आत घेतली, तर गावातील घरे-दुकाने सीमेत किंवा तिच्या लगत येतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटर नियंत्रण आधीच लागू असते. त्यामुळे नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी तेथील दुकानदारांशी बसून बोलणे आणि त्या बोलण्याचा वृत्तांत प्रस्तावास जोडणे आवश्यक ठरते.