दोन शेडची एक खोली

शेठ, काल उतरवलेली दोन बाय दोनच्या टाइल्सची ४२ खोकी परत न्या. नाव, आकार, डिझाइन सगळं बिलाबरहुकूम आहे, पण २९ खोक्यांवर एक शेड नंबर आणि १३ वर दुसरा. भट्टीची पाळी बदलली की तीच टाइल किंचित वेगळी निघते, हे तुम्हाला मी काय सांगणार! दोन्हींतल्या चार-चार टाइल्स खिडकीच्या उजेडात, सिमेंट न लावता शेजारी मांडल्या. उभ्यानेच बघितलं तरी एक बाजू पिवळसर दिसते. ट्यूबलाइटखाली मात्र फरक लपतो. तुमचा माणूस म्हणाला, ‘मिसळून बसवा, कळणार नाही.’ मग हॉलचा बुद्धिबळाचा पट होईल. शिवाय १६८ पैकी ११ फुटक्या आहेत. दोन-चार असत्या तर स्कर्टिंगच्या कापात खपवल्या असत्या. फक्त १३ खोकी बदलतो म्हणाल, तर त्या २९ खोक्यांच्याच शेडची आणा, तिसरी नको. ती नसतील, तर ४२ही खोकी एकाच शेडची द्या. मिस्त्रीला थांबवलंय, कारण एकदा टाइल चिकटली की तुम्ही म्हणणार, ‘बघूनच लावलीत ना?’ फोटो आणि चलन सोबत जोडलंय. उरलेले पैसे माल बदलल्यावरच.