अनन्य आर्थिक क्षेत्रातील युद्धनौकांचा वाद

किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रावर किनारी राष्ट्राचे सार्वभौमत्व असते. २०० मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मात्र त्याला मासे, खनिज तेल अशा संपत्तीपुरताच हक्क मिळतो. नौकानयन सर्वांना खुले राहते. त्यापलीकडील खुल्या समुद्रावर कोणाचेच स्वामित्व नाही.

७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेची ‘जॉन पॉल जोन्स’ ही युद्धनौका भारताच्या पूर्वसंमतीविना लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० मैलांवरून, म्हणजे भारताच्या आर्थिक क्षेत्रातून गेली. भारताने चिंता कळवली. या क्षेत्रातील परकीय लष्करी सरावास किनारी राष्ट्राची संमती हवी, असे भारत मानतो. १९८२ च्या सागरी कायदा करारात तशी स्पष्ट अट नाही; केवळ मार्गक्रमणाबाबत तर भारताची बाजू अधिकच दुबळी ठरते. अर्थात, नौकानयनाच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेने या कराराला स्वतः अनुमोदन दिलेले नाही. भारताने ते १९९५ मध्ये दिले.